ड्राइव्ह लावल्यापासून बोअरची मोटर दोनदा जळाली. १९० मीटर केबल हेच कारण असेल का?

द्राक्षवाला_तासगाव
नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहितो, कारण दोन हंगाम याच प्रश्नात गेलेत.

बागेत साडेसहा इंची बोअर आहे. त्यात १० एचपीची थ्री फेज सबमर्सिबल, ४१५ व्होल्टची, साधारण १५० मीटरवर सोडलेली. पाण्याने भरलेली, रिवायंड होणारी मोटर. बोअरपासून पॅनेलची खोली ४० मीटर लांब, म्हणजे केबल एकूण १९० मीटर (६ चौरस मिमी फ्लॅट, तांब्याची). साध्या स्टार्टरवर ही मोटर नऊ वर्षं चालली, एकदाही बाहेर काढली नाही. पुढे ठिबकचे प्लॉट लहान-मोठे झाले, प्रेशर सारखं राहावं म्हणून व्हीएफडी बसवला. त्यानंतर चौदा महिन्यांत मोटर दोनदा जळाली. दोन्ही वेळा आदल्या आठवड्यात मेगर केलं होतं, रीडिंग उत्तम होतं.

ड्राइव्ह बसवणारा म्हणतो वायंडिंग खराब भरलं. वायंडर म्हणतो ड्राइव्ह खराब आहे. एका ओळखीच्यांनी सांगितलं, "लांब केबलमुळे मोटरवर व्होल्टेज चढतं, फिल्टर लाव." पण मी मीटर लावून पाहिलं, ड्राइव्हच्या आउटपुटला ४१२ दाखवतो. फिल्टरचं कोटेशन २८ हजारांचं आलंय. घालवू का एवढे पैसे?

बापू_पंपवाले
लांब केबलमध्ये व्होल्टेज चढत नसतं भाऊ, पडतं. १९० मीटरला ६ चौरस कमी आहे. मोटरला व्होल्टेज कमी मिळालं की करंट वाढतो आणि ती तापून जळते. १० चौरसची केबल टाका, फिल्टर-बिल्टर काही लागत नाही.

चाळीस_हर्ट्झ
बापूंशी अर्धा सहमत. ड्रॉप असतोच. पण ६ चौरसला १७ अँपिअरवर हिशेब केला तर तो १५ व्होल्टच्या आसपास येतो. तेवढ्याने मोटर जळत नाही, आणि तोच ड्रॉप स्टार्टरवरही नऊ वर्षं होताच की.

माझा संशय वेगळा आहे. ड्राइव्ह किती हर्ट्झपर्यंत खाली येऊ देता? सबमर्सिबलचं थ्रस्ट बेअरिंग पाण्याच्या पातळ थरावर चालतं. ३० हर्ट्झच्या खाली तो थर टिकत नाही, आणि मोटरच्या अंगावरून जाणारं पाणीही कमी होतं. कमी प्रेशरवर रात्रभर २२-२५ हर्ट्झवर फिरत राहिली तर मोटर जाणारच.

द्राक्षवाला_तासगाव
किमान ३२ हर्ट्झ सेट केलंय. बेअरिंग दोन्ही वेळा चांगलं निघालं.

कुपवाडकर_काका
मी कुपवाड एमआयडीसीत तीस वर्षं मेंटेनन्स पाहिला, ड्राइव्ह आले तेव्हापासून. ओळखीच्यांनी सांगितलं ते बरोबर आहे. ४१२ दाखवणारा मीटरही खोटं बोलत नाही, पण तो सरासरी दाखवतो. मोटर मरते ती सरासरीने मरत नाही.

तुम्ही ठिबकवाले आहात, म्हणून पाण्याच्या भाषेत सांगतो. लांब पाइप आहे आणि त्याचं पलीकडचं टोक बंद आहे. अलीकडचा व्हॉल्व्ह धाडकन उघडला तर दाबाची लाट पाइपातून धावत जाते आणि बंद टोकावर आपटते. पुढे वाट नसल्यामुळे ती तिथेच स्वतःवर चढते आणि टोकाला जवळजवळ दुप्पट दाब येतो. एंड कॅप उडते ती याच कारणाने. पंपाजवळच्या गेजवर मात्र काही दिसत नाही.

ड्राइव्ह आपल्याला सलग साइन वेव्ह देत नाही. आतल्या डीसी बसचं व्होल्टेज तो तोडून तोडून पाठवतो. तुमच्याकडे ४१५ आलं तर बसला साधारण ५६० ते ५९० डीसी असतं. आयजीबीटी ते ०.१ ते ०.२ मायक्रोसेकंदात चालू-बंद करतो, म्हणजे व्हॉल्व्ह धाडकन उघडतो. ही कड केबलमधून मायक्रोसेकंदाला साधारण १५० मीटर धावते. केबलच्या मानाने मोटर त्या लाटेला जवळजवळ बंद टोकासारखीच भासते. लाट आपटते आणि ५७५ चे ११०० होतात. रात्री लोड कमी असताना तुमच्याकडे लाइन ४५० ला जात असेल, तर बस ६३० पर्यंत चढते आणि टोकाला साडेबाराशे.

आधीच्या लाटेचं हेलकावणं थांबायच्या आत पुढची कड येऊन पोचली तर दुपटीच्याही वर जातं. कॅरियर किती ठेवलाय?

द्राक्षवाला_तासगाव
काका, आता पाहून आलो. ८ किलोहर्ट्झ आहे. आवाज येऊ नये म्हणून बसवणाऱ्याने वाढवून ठेवला होता.

कुपवाडकर_काका
म्हणजे एका तासात प्रत्येक फेजला २ कोटी ८८ लाख वेळा चालू आणि तितक्याच वेळा बंद. प्रत्येक वेळी एक ठोका.

बापू_पंपवाले
काका, असं असेल तर मला एक सांगा. आटपाडीकडे माझ्या गिऱ्हाइकाची २२० मीटर केबल आहे, ड्राइव्हवर सहा वर्षं झाली. काही होत नाही. तिथे लाट आपटत नाही का?

कुपवाडकर_काका
आपटते बापू. प्रश्न असा की मोटर ते किती सोसते. त्यांची लाइन किती येते, कॅरियर किती, वायर कोणती, दिवसाचे किती तास चालते, यावर सगळं अवलंबून आहे. जुन्या ड्राइव्हमधले ट्रान्झिस्टर सावकाश चालू व्हायचे, त्यामुळे त्यांची कडही सौम्य असायची. तरी खरं सांगतो, दोन सारख्या मोटरींपैकी एक का टिकली, याचं पक्कं उत्तर मला दर वेळी मिळालेलं नाही.

वायंडर_विट्याचा
मी रोज मोटरी उघडतो, त्यामुळे माझ्या नजरेतून सांगतो. जळालेली मोटर उघडली की ती कशाने गेली हे बरंचसं वायंडिंगच सांगतं. ओव्हरलोड असेल किंवा पाण्याचं कूलिंग कमी पडलं असेल, तर तिन्ही फेज सारखेच करपतात. एक फेज तुटून चालली असेल तर तिन्हीपैकी काही कॉइल काळ्या, बाकीच्या स्वच्छ, असा ठरावीक नक्षा दिसतो. ड्राइव्हवरच्या लांब केबलच्या मोटरींत मी पाहतो ते वेगळंच असतं. अख्खं वायंडिंग नवं वाटतं आणि केबलच्या बाजूने आत शिरल्यावर पहिल्या कॉइलमध्ये एकाच जागी फुटलेलं असतं. सुईने टोचल्यासारखं भोक आणि आजूबाजूला थोडंसं वितळलेलं.

भाऊ, तुमच्या दोन्ही मोटरींचे फोटो आहेत का?

द्राक्षवाला_तासगाव
दुसऱ्या मोटरीचा फोटो आहे. वायंडरकडे मुद्दाम जाऊन पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा 'यू' फेजची पहिली कॉइल, लीडपासून दुसरा-तिसरा वेढा. बाकी सगळं स्वच्छ. हे वाचून अंगावर काटा आला.

कुपवाडकर_काका
मग बहुतेक तेच. कड जितकी तीव्र, तितकं ते व्होल्टेज वायंडिंगभर पसरायला वेळ मिळत नाही. बराचसा भार पहिल्या कॉइलवर, त्यातही सुरुवातीच्या वेढ्यांवर पडतो. आणि मेगर वायंडिंग ते अर्थ मोजतो. वेढ्या-वेढ्यातलं इन्सुलेशन झिजत आलेलं असलं तरी तो शेवटच्या दिवसापर्यंत 'उत्तम' म्हणत राहतो.

सोसायटी_सचिव_कोथरूड
सगळं वाचून घाबरले. आमच्या इमारतीत वरच्या टाकीऐवजी ड्राइव्हचे पंप बसवलेत, ५ एचपीचे दोन. ड्राइव्ह पंपाच्या शेजारच्या भिंतीवरच आहे, केबल जेमतेम ४ मीटर. आम्हालाही फिल्टर बसवावा लागेल का?

चाळीस_हर्ट्झ
नाही ताई. कड पूर्ण चढायच्या आत लाट जाऊन परत आली तर दुप्पट होत नाही. ०.१ मायक्रोसेकंदाच्या कडेला ही हद्द साडेसात मीटरच्या आसपास येते. तुमची केबल त्याच्या आत आहे. कोणी फिल्टर विकायला आलं तर हे दाखवा.

सोसायटी_सचिव_कोथरूड
धन्यवाद. कोटेशन खरंच आलं होतं, आजच नाही म्हणून कळवते.

शेवटचं_सेमिस्टर
काका, आम्हाला शिकवलंय की टोकाला केबलच्या इम्पीडन्सइतका रेझिस्टर आणि सोबत कपॅसिटर लावला की परावर्तनच होत नाही. हा टर्मिनेटर फिल्टरपेक्षा स्वस्त पडतो. तोच का लावू नये?

कुपवाडकर_काका
बरोबर शिकवलंय, आणि जमिनीवरच्या मोटरीला तो चांगला चालतोही. पण तो लावायचा मोटरच्या टर्मिनलवर. यांची मोटर दीडशे मीटर खाली पाण्यात आहे. बोअरच्या तोंडाशी लावला तर पुढे दीडशे मीटर केबल उरतेच, आणि लाट तिथे आपटते. त्यामुळे बोअरसाठी उपाय ड्राइव्हच्या टोकालाच करावा लागतो. व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा.

पॅनेलबिल्डर_चाकण
मी पॅनेल बनवतो, म्हणून फिल्टरबद्दल दोन शब्द. तीन पायऱ्या आहेत. पहिली साधा आउटपुट चोक. तो कड थोडी बोथट करतो, पण १९० मीटरला पुरत नाही. दुसरी डीव्ही-डीटी फिल्टर. त्यात चोकबरोबर छोटे कपॅसिटर आणि रेझिस्टर असतात. कड काही मायक्रोसेकंदांवर आणली जाते आणि हेलकावे रेझिस्टरमध्ये जिरतात. तिसरी साइन फिल्टर. त्यातला चोक आणि कपॅसिटर इतके मोठे असतात की कॅरियरचे तुकडे गाळले जाऊन मोटरला जवळपास लाइनसारखी साइन मिळते.

माझं मत, तुम्हाला डीव्ही-डीटी पुरेल. निम्म्या किमतीत येतो, व्होल्टेजही कमी खातो. माझ्या चार साइट १५० ते २०० मीटरवर त्याच्यावर चालू आहेत.

कुपवाडकर_काका
इथे माझं थोडं वेगळं मत आहे. १९० मीटर जायला १.२७ मायक्रोसेकंद, जाऊन यायला अडीच. कड अडीच मायक्रोसेकंदांहून बरीच लांबवली तरच टोकाचा ठोका ठळकपणे कमी होतो. ती जेमतेम तीनवर आली तर ठोका कमी होईल, पण बराचसा उरेल. नेमा एमजी-१ मध्ये साध्या मोटरीला १००० व्होल्ट शिखर आणि किमान २ मायक्रोसेकंदांची चढण ही मर्यादा धरतात. ड्राइव्हसाठीच बनवलेल्या मोटरीला १६०० व्होल्ट आणि ०.१ मायक्रोसेकंद. आपली बोअरची रिवायंड मोटर पहिल्या गटातली समजायची, आणि तीही हाताने भरलेली. म्हणून अशा खोल बोअरला मी साइनच सुचवतो.

पॅनेलबिल्डर_चाकण
काका, फिल्टर एकटा काम करत नाही, १९० मीटर केबलची स्वतःची कपॅसिटी त्यात मिसळते. कागदावरच्या हिशेबापेक्षा प्रत्यक्षात बरं येतं. मोजूनच ठरवायला हवं.

कुपवाडकर_काका
मान्य. मोजूया. माझ्याकडे स्कोप आहे, हजार पट कमी करणारा हाय व्होल्टेज डिफरन्शियल प्रोबही आहे. तासगाव काही लांब नाही. पण मोटर बोअरमध्ये सोडल्यावर टोकाला मोजता येत नाही. म्हणून तिसऱ्यांदा सोडायच्या आधी बोलवा. आणि स्वतः साध्या मीटरने किंवा साध्या प्रोबने प्रयत्न करू नका. तिथे जीवघेणं व्होल्टेज असतं.

बापू_पंपवाले
मीपण येतो बघायला. विट्याहून वायंडर भाऊंना घेऊन येतो.

द्राक्षवाला_तासगाव
(अकरा दिवसांनी)
उशिराबद्दल माफी, पण लिहायला भरपूर आहे. रविवारी काका, बापू आणि वायंडर भाऊ तिघंही बागेत आले होते. नवी भरलेली मोटर पाण्याच्या हौदात बुडवून ठेवली, कारण ही मोटर कोरडी चालवायची नसते. पंप जोडला नव्हता, नुसती मोटर. केबल गुंडाळून ठेवली तर मोजमाप वेगळं येतं असं काका म्हणाले, म्हणून १९० मीटर केबल द्राक्षांच्या ओळींतून सरळ पसरली. प्रोब मोटरच्या लीडच्या जॉइंटवर लावला. लावताना आणि काढताना दर वेळी मेन बंद करून ड्राइव्हचे कपॅसिटर रिकामे व्हायची वाट पाहिली.

बस ५९० व्होल्ट होती. ड्राइव्हच्या टर्मिनलवर शिखर साधारण ६००. त्याच वेळी मोटरच्या टोकाला ११३०, आणि ८ किलोहर्ट्झवर अधूनमधून १२१० पर्यंत. प्रत्येक कडेनंतर घंटा वाजवल्यासारखे हेलकावे, दोन शिखरांत जेमतेम पाच मायक्रोसेकंद. बापू दहा मिनिटं त्या पडद्याकडे बघत बसले होते.

मग कॅरियर २.५ वर आणला. शिखरांची उंची फारशी कमी झाली नाही, ती अधूनमधूनची १२१० मात्र गेली. काका म्हणाले, ठोक्यांची संख्या तिसऱ्या हिश्श्यावर आली, जोर जवळपास तोच राहिला.

नंतर चाकणच्या दादांनी पाठवलेला डीव्ही-डीटी फिल्टर ड्राइव्हच्या शेजारी लावला. टोकाला ८७० आलं. शेवटी साइन फिल्टर. आणि इथे आमची चूक झाली. कॅरियर २.५ वरच राहिला होता. चालू केल्याबरोबर फिल्टर मोठ्याने गुरगुरायला लागला आणि दोन मिनिटांत हात लावता येईना. काकांनी धावत जाऊन बंद केला.

कुपवाडकर_काका
ती चूक माझी. फिल्टरच्या पाटीवर किमान ४ किलोहर्ट्झ लिहिलंय. चोक आणि कपॅसिटर मिळून त्यांची एक स्वतःची फ्रिक्वेन्सी असते. कॅरियर तिच्या जवळ गेला की फिल्टर गाळायचं सोडून स्वतःच झुलायला लागतो. 'कॅरियर कमी करा' हा फिल्टर नसतानाचा सल्ला आहे, साइन फिल्टर लावल्यावर तोच सल्ला घात करतो. ज्यांनी वरचे प्रतिसाद वाचून कॅरियर उतरवला असेल त्यांनी हे नक्की लक्षात ठेवा.

द्राक्षवाला_तासगाव
नंतर ५ किलोहर्ट्झवर ठेवला. गुरगुर गेली, नुसती बारीक गुणगुण राहिली. मोटरच्या टोकाला शिखर ६२० आणि पडद्यावर चक्क साइन, कडेला बारीक दाते. ड्राइव्हमध्ये व्हेक्टर मोड होता तो काढून साधा व्ही/एफ केला, कारण फिल्टरच्या कागदावर तसंच लिहिलं होतं. मी साइन फिल्टर घेतला.

पॅनेलबिल्डर_चाकण
८७० म्हणजे हजाराच्या आत आहे हो. माझा मुद्दा अजून शाबूत आहे.

कुपवाडकर_काका
आहे. पण ते ४१८ च्या लाइनवर, दुपारी. रात्री ४५० ला तेच साधारण सव्वानऊशे होईल. तुमच्या साइटवर लाइन स्थिर असेल तर तुमचं बरोबर. इथली लाइन बघून मी पैसे थोडे जास्त घालायला सांगितले.

बापू_पंपवाले
मी माझं पहिलं वाक्य मागे घेतो, व्होल्टेज चढतं. पण ड्रॉपचं माझं म्हणणंही पूर्ण चूक नव्हतं. साइन फिल्टर स्वतः वीसेक व्होल्ट खातो, त्यात केबलचे पंधरा. दुपारी लाइन ४०० ला आली की मोटरला ३६५-३७० मिळणार, आणि ड्राइव्ह आलेल्या लाइनपेक्षा जास्त देऊ शकत नाही. करंटवर लक्ष ठेवा भाऊ.

द्राक्षवाला_तासगाव
बरोबर बापू. पंप जोडून मोटर सोडल्यावर ५० हर्ट्झला दुपारी करंट पाटीच्या किंचित वर जात होता. कमाल ४८ केलं, आता आत आहे. प्रेशर पुरतं.

वायंडर_विट्याचा
अजून एक. त्या दिवशी पॅनेलमध्ये जुन्या स्टार्टरचा कपॅसिटर ड्राइव्हच्या पुढे, मोटरच्या बाजूला तसाच जोडलेला दिसला. तो मीच काढून ठेवला. ड्राइव्हच्या आउटपुटला असा सुटा कपॅसिटर म्हणजे ड्राइव्हच्या जिवाला धोका. फिल्टरमधले कपॅसिटर चोकच्या मागे असतात, ती गोष्ट निराळी. स्टार्टर बदलून ड्राइव्ह लावणाऱ्यांनी आज घरी जाऊन बघा.

द्राक्षवाला_तासगाव
हे मला माहीतच नव्हतं. काढला म्हणून बरं झालं.

सौरपंप_जालना
धागा पूर्ण वाचला. माझा ७.५ एचपी सौरपंप आहे, योजनेतून मिळालेला. बोअर ५५० फूट, पॅनेलपासूनची धरून केबल २०० मीटर. कंट्रोलर सील आहे, कॅरियर दिसत नाही. मध्ये फिल्टर लावला तर वॉरंटी जाईल का? आणि आमच्याकडे लाइनच नाही, मग बस किती धरायची?

कुपवाडकर_काका
तुमची बस म्हणजे तुमच्या सौर पॅनेलच्या माळेचं व्होल्टेज. माळेत किती पॅनेल आहेत ते मोजा. एकाच्या मागच्या पाटीवरचा Vmp घ्या आणि त्याला तेवढ्याने गुणा. थंडीत सकाळी त्याहून जास्त मिळतं. मोटर ४१५ चीच असेल तर हा आकडा ६०० च्या वर निघू शकतो, म्हणजे टोकाला बाराशेच्या पुढे. वॉरंटीचं मी सांगू शकत नाही. सील तोडू नका. पुरवठादाराला लेखी विचारा की २०० मीटर केबलसाठी कंट्रोलरच्या आत फिल्टर आहे का, आणि असेल तर कोणता.

सौरपंप_जालना
१८ पॅनेल आहेत, पाटीवर Vmp ३७.५. म्हणजे ६७५ आले. पत्र आजच टाकतो, उत्तर आलं की इथे लिहितो.

द्राक्षवाला_तासगाव
माझ्याकडून सध्या एवढंच. मोटर सोडून साडेतीन महिने झाले, चालू आहे. मागच्या दोन्ही सात-सात महिन्यांनी गेल्या होत्या, त्यामुळे आत्ताच काही म्हणत नाही. बाग छाटणीला आली की पुन्हा सांगतो.